हा मोर्चा नाही, हे पुस्तक आहे

चौथीत असताना 'माझा आवडता पक्षी' या निबंधाचा शेवट मी असा केला होता: 'पोपटांना पिंजऱ्यात डांबणे तात्काळ थांबवावे, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' बाईंनी वही सगळ्या शिक्षकांना दाखवली आणि आईला बोलावून घेतलं. आई म्हणाली, "घरी दुसरं वाचाले नसते तिले."

ते खरं होतं. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा कापूस उत्पादकांच्या संघटनेत होते. नंतर जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांतल्या, मजुरांच्या संघटनेचं काम बघायला लागले. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांवर छापलेली पत्रकं सुतळीने बांधून घरी यायची. आई आणि मी दिवाणावर बसून त्यांच्या घड्या घालायचो. अक्षरओळख मला त्यातूनच झाली. 'शेतकरी बंधूंनो' मला आईच्या नावाच्या आधी वाचता यायचं. पत्रकाचे बाबांचे नियम होते आणि ते आमच्या घरी देवघरातल्या आरतीसारखे पाठ होते. पहिल्या ओळीत सांगायचं ते सांगून टाकायचं. वार, वेळ, ठिकाण मोठ्या अक्षरात. आणि सगळ्यात खाली नाव आणि फोन नंबर, कारण ज्याच्या खाली नंबर नाही ते पत्रक नसतं, निनावी चिठ्ठी असते. ती भित्रा माणूस लिहितो.

मी पुस्तक लिहिलं तेव्हा हे नियम माझ्या हाडात होते. पुढचा गोंधळ त्यातूनच झाला.

पुस्तक हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायकांबद्दल आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर ही आठवणसुद्धा जाहिरात होईल, आणि जाहिरातीने मी एकदा तोंड भाजून घेतलेलं आहे. दोन हंगाम मी त्या बायकांच्या वस्तीत जाऊन बसले. कापसाच्या ढिगातून किडकी, पिवळी बोंडं, म्हणजे कवडी, वेचणाऱ्या अकरा जणी. त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. अर्धं पुस्तक एकाच बाईने सांगितलं. मी तिला मावशी म्हणते. साठीची, बारीक, आणि बोलायला लागली की समोरच्याचा चहा थंड करणारी.

दोन प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवलं. एकाचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्याने कळवलं की विषय चांगला आहे, पण बायकांची बोली काढून प्रमाण भाषा केली तर विचार करता येईल. मी त्यांना दोन पानांचं उत्तर लिहिलं. बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे पाठवू नको. एवढ्या कागदात तुह्या पुस्तकाचं एक पान छापून होते." मग ठरलं, आपणच छापायचं. वर्ध्याच्या एका छापखान्यात तीनशे प्रती काढायच्या, मुद्रितं स्वतः तपासायची आणि विकायचंही स्वतःच.

मावशीची एक अट होती. पुस्तकाचा गठ्ठा पहिल्यांदा ती सोडणार. पाहुणा नको, आमदार नको. "रुईची गठाण बांधताना चाळीस वर्सं पाह्यली," ती म्हणाली, "सोडाले कोनी नाई बोलावलं." त्यासाठी रविवार हवा होता आणि जानेवारीत तो सोपा नसतो. कापसाची आवक जोरात असली की जिनिंग रविवारीही चालते. मावशीने मुकादमाला पंधरा दिवस आधी विचारून अकरा जणींसाठी तो एक रविवार मागून घेतला. मुकादम हो म्हणाला. तो सहसा हो म्हणत नाही.

आता लोकांना सांगायचं कसं?

मी एक मजकूर लिहून ठेवला होता. पुस्तक कशाबद्दल, का लिहिलं, कोणाविरुद्ध लिहिलं, कुठे मिळेल, सगळं एका दमात. तो माझ्या मावसबहिणीला दाखवला. ताई हिंगणघाटच्या बाजारात सासरच्या साडीच्या दुकानात बसते. दुकानाचं फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप सगळं तीच बघते. तिने मजकूर वाचला, फोन उलटा ठेवला आणि मला विचारलं, "हे कोन वाचन व?"

"ज्याला वाचायचं तो वाचेल."

"म्हंजे तू आनि मावसाजी." मावसाजी म्हणजे माझे बाबा, ते तिथेच बसले होते. "पाय, दुकानात बाई आली का मी साडी पूर्न उलगडत नाई. आधी काठ दाखवतो. मग पदर. मग ती सोताच म्हनते, उलगडा ना. ती म्हनेपर्यंत थांबा लागते."

"हे पुस्तक आहे ताई, साडी नाही."

"तुह्यावाल्या पुस्तकाले काठ नाई का?"

मी म्हणाले की लपवाछपवी करून माणसं गोळा करणं मला पटत नाही. बाबा मध्ये पडले. मला वाटलं माझ्या बाजूने बोलतील. ते म्हणाले, "लपवून पाहू दे. आपन तीस वर्सं सगळं सांगून पाह्यलं, माणसं तेवढीच येत होती."

ताईने वहीच्या मागच्या पानावर आराखडा काढला. एकूण सात पोस्ट. पहिली सोमवारी, म्हणजे रविवारच्या सहा दिवस आधी. तिच्यात पुस्तकातली फक्त एक ओळ आणि वार. पुस्तक आहे हेसुद्धा सांगायचं नाही. मंगळवारी काहीच नाही, लोकांना विचारू द्यायचं. बुधवारी कवडीचा फोटो, खाली एक प्रश्न. गुरुवारी मुखपृष्ठ. शुक्रवारी एक उतारा आणि आगाऊ नोंदणीचा फॉर्म. शनिवारी वेळ आणि ठिकाण. रविवारी गठ्ठा सुटला की लगेच प्रकाशनाची पोस्ट. सातवी नंतर, वाचकांचे फोटो येतील तसे. फॉर्मची लिंक फेसबुकवर पोस्टमध्ये टाकायची नाही, पहिल्या कमेंटमध्ये टाकायची, कारण बाहेरची लिंक असली की पोस्ट कमी लोकांना दिसते असा तिचा अनुभव. इन्स्टावर मजकुरातली लिंक दाबली जात नाही, म्हणून ती प्रोफाइलवर. या दोन्हीकडच्या पोस्ट आधीच वेळ लावून ठेवता येतात. व्हॉट्सॲपचं स्टेटस मात्र रोज हाताने ठेवायचं, ते चोवीस तासांत जातं. "आनि ब्रॉडकास्टवर भरवसा नको ठेवू," ती म्हणाली. "ज्यायनं तुहा नंबर सेव केला त्याईलेच जाते ते. त्यापरीस गावचे ग्रुप बरे."

तिने निवडलेली ओळ मावशीचीच होती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मावशी म्हणते, 'लई दिवस ऐकून घेतलं. आता आमचं ऐका.' ताई म्हणाली, "बस. हे आनि 'येत्या रविवारी'. बाकी एक अक्षर नाई. ना नाव, ना नंबर. समजलं?"

मी समजलं म्हणाले.

सोमवारी ताई सासरच्या मंडळींबरोबर गिरडच्या दर्ग्यावर गेली होती. त्यांचा दरवर्षीचा नवस असतो आणि टेकडीवर फोनला रेंज धड नसते. पोस्टचं चित्र मी घरी बसून केलं. कोणता रंग घ्यावा याचा मी फार विचार केला नाही. माझा हात आपोआप काळ्या पार्श्वभूमीवर गेला. त्यावर पांढरी, जाड अक्षरं. 'येत्या रविवारी' लाल. बघितलं तर छान दिसत होतं, लहानपणापासून ओळखीचं.

पण खाली रिकामं होतं. ती रिकामी जागा मला बघवेना. नाव नाही, नंबर नाही. निनावी चिठ्ठी. मी दहा मिनिटं स्वतःशी भांडले आणि मग बारीक अक्षरात, अगदी कोपऱ्यात, एक नंबर टाकला. माझा नाही. आगाऊ नोंदणीचे फोन घ्यायला आम्ही बाबांचा फोन ठरवला होता, कारण तो दिवसभर त्यांच्याजवळ असतो, म्हणून त्यांचा टाकला. ताईचंही ऐकलं आणि बाबांचाही नियम पाळला, असं मला वाटलं. संध्याकाळी सात वाजता पोस्ट गेली. स्टेटस ठेवलं, सहा-सात ग्रुपवर टाकलं आणि मी शांतपणे जेवले.

आता नीट बघा. काळा कागद, लाल वार, 'आता आमचं ऐका', आणि खाली तो नंबर, जो गेली वीस वर्षं या तालुक्यातल्या प्रत्येक मोर्चाच्या पत्रकाखाली छापला गेलेला आहे.

पहिला फोन मंगळवारी सकाळी सातला आला. समुद्रपूरकडचे बाबांचे जुने सहकारी. बाबा दात घासत होते म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"काऊन भाऊ, एवढ्या दिवसानं. किती मानसं आनाची?"

"कशाले?" बाबा तोंडात फेस घेऊन म्हणाले.

"रविवारले. दोन टेम्पो पुरन का तिसरा सांगू? अन् मागन्या कोन्त्या हायेत, तं सांगून ठेवजा. मागच्या खेपी मले नारा मालूम नव्हता, मी भलताच देल्ला."

बाबांनी चूळ भरली आणि माझ्याकडे बघितलं. ते त्यांचं रागावणं नव्हतं. छापखान्यातून चुकीची तारीख छापून आली की ते असं बघतात.

दुसरा फोन ताईच्या सासऱ्यांचा. ते गिरडहून रात्रीच परत आले होते आणि दुकानात बसून व्यापाऱ्यांचा ग्रुप वाचत होते. नात्यातलेच, पण आवाज एकदम बाजारातला. "रविवारी दुकान खुलं ठेवाचं का बंद, तेवढं सांगा फक्त. लग्नसराई आहे. बंद ठेवाचं असन तर अर्धं शटर चालन का?"

"पुस्तक आहे हो ते," बाबा म्हणाले. "पोरीचं."

"असू द्या पुस्तक. पन अर्धं शटर चालन का?"

तिसरा फोन पोलीस ठाण्यातून. जमादार बाबांना नावाने ओळखतात, दोघांनी बऱ्याच मोर्चांत एकमेकांच्या बाटलीतलं पाणी प्यायलं आहे. "साहेब विचारून राह्यले, परवानगीचा अर्ज नाई आला यावेळेस. रूट कोन्ता आहे?"

बाबांनी त्यांना सांगितलं की घरून निघून ग्रंथालयाच्या सभागृहापर्यंत, रिक्षाने.

हे सगळं मला मजेशीर वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मजेशीरच नाही, चांगलं वाटत होतं. चार वर्षांत माझ्या लिहिण्याबद्दल कोणाचा फोन आला नव्हता. आता सकाळपासून फोन खाली ठेवता येत नव्हता आणि त्या बायकांची ओळ गावभर फिरत होती. दुपारी ताईचा फोन आला. ती आधी दोन मिनिटं नुसती हसली. मग म्हणाली, "अव, माह्या दुकानाच्या कोन्त्याच सेलले एवढा गोंधळ नाई झाला. नंबर टाकू नको म्हटलं होतं ना?" आणि मग दुकानदारीने विचार करून म्हणाली, "पन ऐक. झालं ते झालं. आता बुधवारपर्यंत गप्प राय. गुरुवारी मुखपृष्ठ टाकलं का पूर्न गाव म्हनन, अरे हे तं पुस्तक. असा पदर कोनाच्या नशिबी नसते."

आणि मी, जी लपवाछपवीच्या विरोधात होते, मी म्हणाले, "थांबू या मग गुरुवारपर्यंत."

संध्याकाळी जिनिंग सुटल्यावर मावशी आली. नेहमी ती दारातूनच बोलायला सुरुवात करते. त्या दिवशी आत येऊन बसली, केसातली रुई झटकली नाही, तोंडाचा रुमालही सोडला नाही. तो तिने गळ्यापर्यंत ओढला आणि म्हणाली, "मुकादमानं फोन दाखवला मले. काया रंगाचा."

मी हातातला फोन दिवाणावर उलटा ठेवला.

"म्हने तुम्ही सुट्टी पुस्तकाले मागतली अन् चालल्या मोर्चाले. म्हने रविवारी मशीन चालू ठेवतो. ज्याले मोर्चा कराचा त्यानं करा, सोमवारी इकडं येऊ नका." ती माझ्याकडे बघत होती. "मी त्याले म्हटलं, पोरगी खोटं नाई बोलत. तं त्यानं तेच मले वाचून दाखवलं. माह्येच शब्द. आता आमचं ऐका. मी काय बोलू?"

आईने तिच्यापुढे चहा ठेवला. मावशीने तो गरमच पिऊन टाकला. तिला बोलायचं नसलं की ती तसं करते.

"तू येणार नाहीस?" मी विचारलं.

"दहा जनी तं नाई येत. मी विचार करून राह्यली. हंगाम तीन महिनेच तं असते."

ती गेल्यावर मी ताईला फोन लावला आणि सांगितलं की गुरुवारपर्यंत थांबायचं नाही. ताई तासाभरात आमच्या घरी आली, दुकान सासऱ्यांवर टाकून. मी आधीच पोस्ट उडवत बसले होते. फेसबुक, इन्स्टा, ग्रुपवरचे माझे मेसेज. ताई म्हणाली, "त्यानं काई नाई होत. लोकायनं चित्र उतरवून पुढं पाठवलं. तुह्या हातचं गेलं ते. आता उडवशीन तं म्हनतीन, पोलिसायले भेली."

बाबा इतका वेळ खुर्चीत बसून होते. म्हणाले, "बेटा, पत्रक चुकलं तर ते फाडत नसतात. दुसरं काढाचं. पहिल्यापेक्षा मोठं. आनि पहिलं चुकलं, हे त्यातच लिहाचं."

"तुम्ही कधी काढलं होतं?"

"एकदा. सभेचं गाव चुकलं होतं. लोक तिकडे गेलते, आम्ही इकडे."

तेव्हा आम्ही तिघं टेबलाशी बसलो. चूक मान्य करताना माझ्या हातून वाक्यं लांब व्हायला लागली. 'काही गैरसमजातून' असं मी लिहिलं. बाबांनी ते खोडलं. "गैरसमज कोनाचा? लोकायचा? चूक तुह्यी आहे. 'माझ्या चुकीमुळे' लिही." लिहिलं. ताईने सांगितलं की रंग तोच ठेव, काळाच, अक्षरांची जागाही तीच, म्हणजे पहिलं ज्यांनी बघितलं त्यांना दुरून ओळखू येईल. फक्त मधोमध मुखपृष्ठ. आणि ज्या ग्रुपवर पहिलं गेलं त्याच ग्रुपवर हे टाकायचं, त्याच माणसांना सांगायचं की जिथं ते पाठवलं तिथं हेही पाठवा.

पहिली ओळ ताईने सुचवली: 'हा मोर्चा नाही. हे पुस्तक आहे.' त्याखाली सगळं होतं. पुस्तकाचं नाव, अकरा बायका, रविवार, सकाळी अकरा, ग्रंथालयाचं सभागृह. बाजार बंद नाही. घोषणा नाहीत. सोमवारी टाकलेली ओळ पुस्तकाच्या पहिल्या पानावरची आहे, ती अर्धवट दिल्यामुळे त्रास झाला, माझ्या चुकीमुळे, माफ करा. आणि खाली नंबर. यावेळी माझा.

ताईने ती वाचली. "काठ, पदर, सगळं एकदमच उलगडलं तू," ती म्हणाली. पण तिने ती पोस्ट आधी स्वतःच्या दुकानाच्या पेजवर टाकली आणि प्रोफाइलच्या वर लावून ठेवली.

"मुकादम फेसबुक पाहते का?" बाबांनी विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं.

"मंग कागद लागन."

बुधवारी सकाळी बाबांनी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याच मजकुराच्या प्रती पिवळ्या कागदावर काढून आणल्या. आई आणि मी दिवाणावर बसून घड्या घातल्या. किती वर्षांनी. हात विसरले नव्हते. मग बाबा आणि मी जिनिंगच्या फाटकावर गेलो. कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, वाऱ्यावर रुई तरंगत होती आणि मुकादम वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून बसला होता. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. बाबांना बघून उभा राहिला नाही, पण पाय खाली घेतले.

मी कागद दिला. त्याने उलटसुलट बघितला, मग वाचला. सावकाश, ओठ हलवत. 'माझ्या चुकीमुळे' तिथे थांबला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू लिहिलं हे?"

"हो. चूक माझी आहे. मावशीला माहीतही नव्हतं."

"मोर्चेवाल्यायनं माफी मागतलेली पयल्यांदा पाहून राह्यलो." हे तो बाबांना म्हणाला. बाबांनी ऐकून घेतलं. मला उत्तर सुचलं होतं, चांगलं झणझणीत, पण बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता.

मग मुकादमाने कागदाची घडी घातली आणि वेगळ्याच आवाजात विचारलं, "मी आहो का त्यात?"

"कोणाचंच नाव नाही पुस्तकात."

"नाव नाई विचारलं. मी आहो का?"

"आहात. छप्पन्नाव्या पानावर."

"काय करून राह्यलो?"

मला खोटं बोलता आलं असतं. "ओरडता आहात," मी म्हणाले.

काट्यावरचा माणूस हसला आणि मुकादमाने त्याच्याकडे बघितल्यावर थांबला. मग मुकादम म्हणाला, "रविवारी मी सोता येतो. अकराच्या अकरा घेऊन येतो. एक जरी नारा लागला ना, तितूनच वापस आनीन सगळ्याईले. पाह्यजो."

बाबा म्हणाले, "मंजूर." मागण्या मान्य झाल्यासारखं.

परत येताना मी बाबांना म्हटलं की ही अट अन्यायाची आहे, बायका कुठे जातात आणि काय म्हणतात ते ठरवणारा तो कोण. बाबा म्हणाले, "खरं आहे. पुढच्या पुस्तकात लिही. यावेळेस तिले गठ्ठा सोडू दे."

रविवारी सभागृह भरलं, इतकं की मागच्या लोकांना उभं राहावं लागलं. यातलं किती पहिल्या पोस्टमुळे आणि किती दुसरीमुळे यावरून ताई आणि मी अजून भांडतो. समुद्रपूरचे सहकारी एकच टेम्पो घेऊन आले, झेंडे गुंडाळून टेम्पोतच ठेवले. जमादार साध्या कपड्यात होते आणि पहिल्या रांगेत बसले. ताईचे सासरे अर्धं शटर लावून आलेच. बायका एका रांगेत आल्या, इस्त्रीच्या साड्या नेसून, आणि त्यांच्या मागे मुकादम. तो दाराशीच खुर्ची घेऊन बसला.

छापखान्याने गठ्ठा सुतळीने बांधला होता. ताई फोन घेऊन समोर उभी राहिली, कारण गठ्ठा सुटला की पोस्ट लगेच जायला हवी होती. आमच्यात ठरलेलं होतं की बायकांचे चेहरे पोस्टमध्ये घ्यायचे नाहीत, मी त्यांना तसा शब्द दिला होता. फक्त हात. मी मावशीला म्हणाले, "मावशी, तोंड येणार नाही फोटोत, काळजी करू नको."

मावशी गाठीवर बोटं ठेवून थांबली. "काऊन नाई?"

"तूच म्हणाली होतीस ना."

"तवा म्हटलं होतं. वर्सभर रुमाल बांधून राहते तोंडाले. आज उघडं हाय." ती ताईकडे वळली. "घे व पोरी. नीट घेजो. दात दिसू दे."

ताईने फोटो घेतला. गाठ काही सुटेना. कोणीतरी कात्री पुढे केली, मावशीने ती बाजूला सारली आणि दातांनी सुतळी ओढली. गाठ सुटली, वरचं पुस्तक तिने हातात घेतलं, त्याचा वास घेतला आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांत समुद्रपूरच्या काकांना राहवलं नाही. तीस वर्षांची सवय. ते उठले, मूठ वर गेली आणि म्हणाले, "जिंदा..."

मुकादम दाराशी उभा राहिला.

मावशीने मंचावरून पुस्तक त्या काकांच्या दिशेने रोखलं. "खाली बसा जी. आता आमचं ऐका." सगळं सभागृह हसलं, जमादार सगळ्यात जास्त. काका खाली बसले. मुकादम थोडा वेळ उभाच राहिला आणि मग तोही बसला. मावशी पुढे पाऊण तास बोलली. सभागृहाच्या मागे ठेवलेला चहा तेवढ्यात गार झाला.

प्रकाशनाच्या पोस्टला ताईने लांब मजकूर लिहायचं ठरवलं होतं. ऐनवेळी तिने तो खोडला आणि फक्त फोटो टाकला. सुतळी दातात धरलेली मावशी. खाली, 'गठ्ठा सुटला.' लिंक कमेंटमध्ये.

सोमवारी अकराही जणी कामावर गेल्या. आता राहिली होती आराखड्यातली सातवी पोस्ट, वाचकांचे फोटो. दोन दिवस काहीच आलं नाही आणि मी उदास व्हायला लागले होते. बुधवारी दुपारी माझ्या नंबरवर एका अनोळखी नंबरावरून फोटो आला. जिनिंगचा काटा, त्यावर माझं उघडलेलं पुस्तक, पान धरून ठेवलेला एक जाड अंगठा. खाली लिहिलं होतं: 'पान छप्पन. मी इतका वरडत नाई.'

मी तो ताईला पाठवला आणि विचारलं, टाकायचा का? ताईने लगेच उत्तर दिलं: 'त्यायले विचार आधी.' मी विचारलं. अर्ध्या तासाने मुकादमाचं उत्तर आलं की टाका, पण अंगठा कापू नका. अंगठ्यासकट टाकला. मावशीच्या नातवाने तिला तो दाखवला, आणि ती म्हणाली म्हणे, "यापरीस जास्तच वरडते."

तेही आम्ही कमेंटमध्ये टाकलं, तिला विचारून.